७० आणि १०० मधला फरक ३० नाही

एक्स्प्रेसवेवर पहिल्यांदा गाडी घालण्याआधी हे गणित करून बघ. सारख्याच दोन गाड्या, एक ७० ने, दुसरी १०० ने. दोघींनी एकाच जागी करकचून ब्रेक दाबले. पहिली थांबते तिथे दुसरीचा वेग किती उरतो? बहुतेक जण ३० म्हणतात. उत्तर आहे ७१!

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १०० चा वर्ग १०,०००, ७० चा ४,९००. तेवढ्या अंतरात ब्रेक दोघींची सारखीच ऊर्जा खातात, म्हणून उरले ५,१००, वर्गमूळ ७१.

वर्ग का? वेग दुप्पट झाला की थांबायला वेळ दुप्पट लागतो, शिवाय त्या वेळातला सरासरी वेगही दुप्पट असतो. म्हणून अंतर चौपट. पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गाडी जाते ते अंतर वेगळंच.