ग्रुप कंपनीला दिलेल्या लोनच्या व्याजाची एन्ट्री

प्रश्न: आमच्या एका कंपनीने दुसऱ्या ग्रुप कंपनीला व्याजावर लोन दिलंय, दोन्ही बुक्समध्ये एन्ट्री कशी करायची?

उत्तर: समजा 50 लाख दिले, 9 टक्क्याने. देणाऱ्याकडे लोन अ‍ॅसेट डेबिट, बँक क्रेडिट आणि घेणाऱ्याकडे बरोब्बर उलटं, इथपर्यंत सोपंय. खरा घोळ व्याजात होतो. वर्षाचं व्याज 4,50,000, त्यावर 10 टक्के टीडीएस 45,000. घेणारी कंपनी व्याज खर्च 4,50,000 डेबिट करते, टीडीएस पेयेबल 45,000 आणि देणाऱ्या कंपनीचं खातं 4,05,000 क्रेडिट. देणाऱ्याने मात्र उत्पन्न पूर्ण 4,50,000च दाखवायचं, डेबिटला 4,05,000 येणं आणि 45,000 टीडीएस रिसिव्हेबल. बरेच जण नेट रक्कमच उत्पन्नात घेतात आणि मग कन्सॉलिडेशनला 45,000चा फरक लटकतो. व्याज मिळालं नसलं तरी 31 मार्चला दोघांनीही प्रोव्हिजन करायचीच, टीडीएस तेव्हाच लागतो.