बसलेला आवाज, बिडी आणि दुर्बिणीची तपासणी

प्रश्न: बाबांचा आवाज पाच आठवड्यांपासून बसलाय. वय 56, बिडी रोजची. ताप नाही, घसा दुखत नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. दुर्बिणीने तपासून घ्यावं की अजून थोडं थांबावं?

उत्तर: थांबू नका, याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. मी याच शाखेत काम करतो.

सर्दीमुळे किंवा ओरडून ओरडून स्वरतंतूंना आलेली सूज दोन, फार तर तीन आठवड्यांत उतरते. त्यानंतरही आवाज सुटला नाही, तर कारण दुसरं असू शकतं आणि ते बाहेरून कळत नाही. बिडी ओढणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर मी तीन आठवड्यांचीही वाट बघत नाही.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. स्वरतंतूचा कॅन्सर सुरुवातीला दुखतच नाही. पण बोलताना हे दोन तंतू सेकंदाला शंभराहून जास्त वेळा एकमेकांना लागतात. त्यांच्या कडेवर तांदळाच्या कणीएवढा खडबडीतपणा आला तरी ते नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाज फाटतो. म्हणजे गाठ अगदी लहान असतानाच आवाज बदलतो. शिवाय कॅन्सर ज्यांच्यातून इतरत्र पसरतो त्या लसीकावाहिन्या या तंतूंमध्ये फारच कमी असतात, त्यामुळे रोग बराच काळ तिथल्या तिथेच राहतो. शरीर इतक्या लवकर सूचना देतं असे कॅन्सर थोडेच, आणि नेमकी तीच सूचना गुळण्या-काढ्यांत वाया जाते याचं मला फार वाईट वाटतं.

तपासणीला भूल लागत नाही. नाकात बधिरतेचा फवारा मारून रिफिलपेक्षा जराशी जाड, लवचिक नळी नाकातून घशापर्यंत नेतात. मग ‘ई’ म्हणायला आणि खोल श्वास घ्यायला सांगतात. काही मिनिटांत काम होतं. बधिरता जाईपर्यंत मात्र खाऊ-पिऊ देऊ नका, नाहीतर ठसका लागतो.

निरोगी तंतू मोत्यासारखे पांढरे, सरळ कडांचे दिसतात. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कधी दोन्ही तंतू जेलीसारखे फुगलेले असतात. ती सूज बहुधा साधी असते, पण बिडी सुटल्याशिवाय जात नाही. कधी पांढरा किंवा लालसर चट्टा दिसतो. तो नुसता जाड झालेला थर आहे, कॅन्सरच्या आधीची पायरी आहे की कॅन्सर, हे दुर्बिणीतून कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी पूर्ण भूल देऊन तुकडा काढून तपासावा लागतो.

कधी तंतू दिसायला स्वच्छ असतो, पण हलतच नाही. डाव्या बाजूचा असेल तर जास्त काळजीने बघतो, कारण त्याची नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते. वाटेत फुप्फुसातली गाठ तिला दाबू शकते. अशा वेळी मानेसोबत छातीचाही सीटी स्कॅन हवा. क्षयरोगही स्वरयंत्रात होतो, तोही दुर्बिणीत कॅन्सरसारखाच दिसू शकतो.

माझ्याकडे आलेले एक ट्रकचालक आठवतात. वय 54, सात आठवडे आवाज घोगरा. दोनदा अँटिबायोटिक, मग महिनाभर ॲसिडिटीच्या गोळ्या. आत कुणीच पाहिलं नव्हतं. उजव्या तंतूच्या मधोमध पांढरट, खरबरीत उंचवटा होता, तंतू मात्र छान हलत होता. तुकड्यात कॅन्सर निघाला, पण एकाच तंतूपुरता, पहिल्या टप्प्यातला. या टप्प्यात एकतर रेडिएशन किंवा लेझर, एवढ्यावर भागतं आणि दहापैकी साधारण नऊ जण बरे होतात. त्यांनी रेडिएशन निवडलं, साडेपाच आठवड्यांत 28 वेळा. काही महिन्यांनी फोनवरून बोलले तेव्हा आवाज ओळखता येत होता. हाच रोग तंतू जखडेपर्यंत वाढला असता, तर केमो आणि रेडिएशन दोन्ही, नाहीतर स्वरयंत्रच काढायची वेळ आली असती.

म्हणून बाबांना तिसरा अँटिबायोटिकचा कोर्स देऊ नका आणि आधी सीटी स्कॅनही करू नका. तंतूच्या पृष्ठभागावरचा छोटा चट्टा त्यात सुटू शकतो. डॉक्टरांना बिडी किती वर्षांची आणि दिवसाला किती, हे खरं सांगा. तंबाखू, दारू, वजन घटणं हेही सांगा. अहवालात ‘तंतू नीट हलतात का’ याचं उत्तर लिहिलंय ना, तेवढं विचारून घ्या. आणि श्वास घेताना घर्र-घर्र आवाज येऊ लागला, दम लागला किंवा थुंकीतून रक्त आलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.