रुग्णालयाकडून इनडोअर केस पेपर मागताना अर्जात काय लिहावे

प्रश्न: बाबांच्या खुब्याचे ऑपरेशन पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात झाले. आता विमा कंपनी इनडोअर केस पेपर मागते आहे. रुग्णालय म्हणते, डिस्चार्ज कार्ड दिले, बाकीचे कागद आम्ही देत नाही. अर्ज कसा करू आणि त्यात नेमके काय मागू?

उत्तर:

रुग्णालयाचे म्हणणे नियमाला धरून नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत स्पष्ट तरतूद आहे की रुग्णाने, किंवा रुग्णाने अधिकार दिलेल्या व्यक्तीने, वैद्यकीय नोंदी मागितल्यास त्या मागणीची पोहोच द्यावी आणि ७२ तासांच्या आत कागद द्यावेत. केस पेपर गोपनीय आहेत असे कारण सांगितले गेले, तर ती गोपनीयता रुग्णाच्या हितासाठी असते, खुद्द रुग्णापासून कागद लपवण्यासाठी नसते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा प्रकरणात हाच मुद्दा निकालात काढला आहे. अर्जात मात्र कायद्याचा मारा करू नका. आचारसंहितेचा एका वाक्यात उल्लेख पुरेसा आहे.

खरा भर मागणीच्या शब्दांवर द्या. ‘सर्व कागदपत्रे मिळावीत’ असे लिहिले की बहुतेक ठिकाणी डिस्चार्ज कार्डाचीच आणखी एक झेरॉक्स आणि तपासण्यांचे रिपोर्ट हातात ठेवले जातात. डिस्चार्ज कार्ड हा मूळ फाइलवरून शेवटी तयार केलेला गोषवारा आहे. मूळ फाइलमध्ये दाखल करतानाची हिस्ट्री, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंगच्या नोंदी, औषधे कोणत्या वेळी दिली याचा तक्ता, संमतीपत्रे, भूलतज्ज्ञांची नोंद आणि ऑपरेशन नोट्स असतात. यातल्या प्रत्येकाचे नाव घेऊन मागणी करा. विमा कंपनीचे डोळे सहसा पहिल्या कागदावर, म्हणजे हिस्ट्रीवर असतात, कारण जुना आजार कधीपासून आहे हे तिथे लिहिलेले असते.

आमच्या घरचा अनुभव सांगतो. सासूबाईंचे असेच खुब्याचे ऑपरेशन झाले आणि दावा नामंजूर झाला, कारण डिस्चार्ज कार्डावर ‘मधुमेह, १२ वर्षे’ असे छापले होते, पॉलिसी मात्र सहा वर्षांपूर्वीची होती. त्यांना मधुमेह असल्याचे निदान होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. केस पेपरच्या प्रती मिळाल्यावर अपघात विभागातली हाताने लिहिलेली पहिली नोंद पाहिली. तिथे मधुमेहाच्या इंग्रजी संक्षेपापुढे, डॉक्टर ‘इतक्या काळापासून’ या अर्थाने लिहितात ते गुणिले चिन्ह होते आणि त्याला चिकटून २ चा आकडा. त्या चिन्हाची एक तिरकी रेघ इतकी ठळक उमटली होती की कार्ड टाइप करणाऱ्याने ती १ समजून १२ केले. नर्सिंगच्या पहिल्या नोंदीत मात्र ‘२ वर्षे’ स्वच्छ अक्षरात होते. हे दोन कागद हातात नसते, तर आमचे म्हणणे केवळ तोंडी राहिले असते.

म्हणून माझा आग्रह असा की आधी फाइलच्या प्रती घ्याव्यात आणि त्या वाचल्यावरच दुरुस्तीचा विषय काढावा. मूळ नोंद जशी होती तशी तुमच्या हाती आली की नंतर तिच्यात फेरफार झाल्याची शंका कुणालाही घेता येत नाही. दुरुस्ती मागतानाही जुनी नोंद खोडून नवी लिहा, असे कधीही सांगू नये; खाडाखोड केलेला कागद विमा कंपनी मानत नाही आणि डॉक्टरही अडचणीत येतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकासह वेगळे पत्र घ्यावे, ज्यात चूक कोणत्या कागदावर आहे आणि योग्य माहिती कोणत्या मूळ नोंदीत आहे हे लिहिलेले असेल. आम्हाला असे पत्र मिळाले आणि फेरविचारात दावा मंजूर झाला.

तुमचा अर्ज साधारण असा असावा:

‘मी, (रुग्णाचे पूर्ण नाव), आपल्या रुग्णालयात दिनांक … ते … या काळात दाखल होतो. माझा आंतररुग्ण क्रमांक … आहे. या संपूर्ण काळातील माझ्या केस पेपरच्या, म्हणजे दाखल करतानाची हिस्ट्री, डॉक्टरांच्या दैनंदिन नोंदी, नर्सिंग नोंदी, औषधांचा तक्ता, संमतीपत्रे, भूल व ऑपरेशनच्या नोंदी, इम्प्लांटचे स्टिकर आणि सर्व तपासण्यांचे अहवाल यांच्या पृष्ठक्रमांक घातलेल्या साक्षांकित प्रती मला द्याव्यात. प्रतींचे वाजवी शुल्क भरण्यास मी तयार आहे. एखादा कागद उपलब्ध नसल्यास तसे कारणासह लेखी कळवावे.’

शेवटचे वाक्य गाळू नका. पृष्ठक्रमांक आणि हे वाक्य एकत्र असले की मधली पाने गुपचूप वगळता येत नाहीत. इम्प्लांटचे स्टिकर मी मुद्दाम घातले आहे. बसवलेल्या सांध्याची कंपनी, माप आणि लॉट क्रमांक त्यावर असतो, तो पुष्कळदा डिस्चार्ज कार्डावर उतरत नाही, आणि उद्या तोच सांधा बदलायची वेळ आली तर नव्या सर्जनला आधी तीच माहिती लागते. एक्स-रेची फिल्म किंवा सीडी तुम्हाला मिळाली नसेल, तर तीही वेगळी मागा. लेखी अहवाल म्हणजे फिल्म नव्हे. ईसीजीची मूळ पट्टी मिळाली तर त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा, कारण त्या कागदावरची नोंद कालांतराने फिकी पडते.

अर्जावर सही बाबांचीच हवी. तुम्ही कागद घ्यायला जाणार असाल तर त्यांच्या सहीचे अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडा. अर्ज दोन प्रतींत न्या, एक रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. ७२ तास त्या पोहोचेपासून मोजता येतात, काउंटरवरच्या बोलण्यापासून नाही. पोहोच नाकारली तर तोच अर्ज त्याच दिवशी रुग्णालयाच्या अधिकृत ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. मूळ फाइल रुग्णालयाकडेच राहते, त्यामुळे तिच्या मूळ प्रतीसाठी वाद घालण्यात अर्थ नाही.

मुदत उलटली तर आधी रुग्णालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तिथे काम झाले नाही तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जा, कारण शहरातील शुश्रूषागृहांची नोंदणी तिथे होते. आचारसंहिता मात्र डॉक्टरांना लागू आहे, म्हणून महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करताना रुग्णालयाचे नव्हे, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव घालावे लागते. सरकारी रुग्णालय असते तर माहिती अधिकाराचा अर्जही करता आला असता, त्याला साधारण ३० दिवसांची मुदत असते.

दिरंगाई करू नका, कारण याच आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे, त्यानंतर ‘फाइल नष्ट केली’ हे उत्तर मिळू शकते. विमा कंपनीने दिलेली तारीख जवळ आली असेल, तर शिक्का मारलेल्या पोहोचेची प्रत कंपनीला आजच पाठवून मुदतवाढ मागा.