पुढच्या राउंडला 'हो' म्हणण्याआधी पगाराचा आकडा कसा विचारायचा?

"मी नाशिकला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, पाच वर्षं झाली. सध्याचा सीटीसी 8 लाख 40 हजार. पुण्याच्या एका कंपनीत एचआरचा फोन आणि एक टेक्निकल राउंड झाला. आता घरी करायची असाइनमेंट आहे, मग पुण्याला जाऊन दिवसभराचे दोन राउंड, आणि शेवटी मॅनेजरशी बोलणं. पगाराबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. मी विचारलं तर 'हिला फक्त पैशांचं पडलंय' असं वाटेल का? आणि नाही विचारलं, सगळं करून शेवटी दहा लाखांवर बोळवण झाली तर?"

विचारायची वेळ हीच आहे. पहिल्या फोनवर, कामाचं स्वरूपही कळलेलं नसताना विचारलं तर एचआर गोलमोल उत्तर देतात. सगळे राउंड झाल्यावर विचारलं तर तुमची रजा, प्रवास आणि शनिवार-रविवार खर्च झालेला असतो. एवढं केलंच आहे तर घेऊन टाकू, असं मन म्हणतं आणि माणूस कमी पगाराला तयार होतो. तुमचा एक टेक्निकल राउंड झाला आणि पुढे बोलावणं आलं, म्हणजे त्यांना तुमच्यात रस आहे. पुढचा टप्पा खर्चाचा आहे. हे दोन्ही एकदम खरं असतं तेव्हा प्रश्न विचारणं कोणालाही खटकत नाही.

वाईट वाटण्याची भीती बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला विचारल्यामुळे खरी ठरते. टेक्निकल पॅनलमधल्या इंजिनियरला पगार विचारला तर तो अवघडतो, कारण त्याला आकडा माहीतही नसतो आणि सांगायचा अधिकारही नसतो. एचआरचं तसं नाही. जागा निघते तेव्हाच तिचं बजेट मंजूर झालेलं असतं आणि ते एचआरसमोर असतं. पाच राउंड घेऊन शेवटी पगारावरून उमेदवार सुटला, तर त्यांनाच पहिल्यापासून शोध सुरू करावा लागतो. मध्ये कन्सल्टन्सी असेल तर तिला विचारा. त्यांची फी बहुधा तुमच्या वार्षिक पॅकेजच्या ठरावीक टक्क्यांत असते, त्यामुळे कमाल आकडा त्यांनी आधीच विचारून ठेवलेला असतो.

प्रश्न पाठवण्याआधी या टेस्टर ताईंना आम्ही एक हिशोब मांडायला लावला, कारण उत्तर आल्यावर ते चांगलं की वाईट हे ठरवायला स्वतःचा आकडा हाताशी लागतो. 8 लाख 40 हजारांच्या सीटीसीत बेसिक 40 टक्के होतं. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी सीटीसीतच धरलेली असते, ती वजा करून आणि स्वतःचा पीएफ व महिन्याचा 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स कापून हातात सुमारे 61,700 रुपये येत होते. नाशिकला राहायला स्वतःचं घर. पुण्यात भाडं, डबा आणि येणं-जाणं मिळून महिन्याला 17 हजार जादा लागतील असा त्यांचाच अंदाज होता.

आता समजा कंपनीने "12 लाख" म्हटलं. कानाला 43 टक्के वाढ. पण त्यात 15 टक्के व्हेरिएबल असेल तर 1 लाख 80 हजार बाजूला निघाले, आणि ते वर्षाअखेरीस कंपनीचं आणि तुमचं रेटिंग पाहून मिळणार. उरले 10 लाख 20 हजार. त्यात बेसिक निम्मं धरलं, तर कंपनीचा 12 टक्के पीएफ 61,200 आणि ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे साधारण 24,500. तुमचा पीएफही कापला की हातात महिन्याला सुमारे 72,500 येतात. नव्या कररचनेत, 2025-26 च्या नियमांप्रमाणे, या उत्पन्नावर कर लागत नाही, तरीही आकडा एवढाच. त्यातून पुण्याचे 17 हजार गेले की उरतात 55,500. आत्तापेक्षा सहा हजारांनी कमी! पीएफ आपलाच असतो हे खरं, पण घरभाडं त्यातून देता येत नाही.

हेच 12 लाख फिक्स्ड असतील आणि व्हेरिएबल त्यावर वेगळा असेल, तर हातात 85 हजारांच्या आसपास येतात. त्यामुळे ताईंची खालची रेघ फिक्स्ड 12 लाख अशी ठरली. आणि प्रश्नही "पगार किती" असा न राहता "फिक्स्ड किती ते किती, आणि व्हेरिएबल किती" असा झाला. नुसता सीटीसी विचारलात तर वरच्या दोन्हींपैकी कोणतंही 12 लाख तुम्हाला सांगितलं जाऊ शकतं, आणि सांगणारा खोटंही बोललेला नसतो.

मेसेज असा गेला (तुमच्या कंपनीशी इंग्रजीत व्यवहार असेल तर इंग्रजीत लिहा, पण क्रम हाच ठेवा):

"नमस्कार मॅडम, परवाच्या राउंडमध्ये कामाची नीट कल्पना आली आणि पुढच्या टप्प्यात यायला मी उत्सुक आहे. असाइनमेंट आणि पुण्यातल्या राउंडसाठी रजा टाकण्याआधी एक विचारायचं होतं. या पदासाठी फिक्स्ड पगार साधारण किती ते किती मंजूर आहे, आणि व्हेरिएबल वेगळा किती? ते कळलं की पुढच्या आठवड्यात मंगळवार किंवा गुरुवार, तुम्हाला सोयीचा दिवस मी नक्की करते."

यात आधी रस दाखवला आहे, मग कारण आहे, मग एकच प्रश्न, आणि शेवटी दोन वार. कारण खरं आणि साधं असावं. रजा टाकायची आहे, दुसऱ्या गावी यायचं आहे, एवढं पुरे. "माझ्याकडे आणखी दोन ऑफर आहेत" हे नसताना लिहू नका, कारण लगेच "कोणत्या कंपनीची, कितीची" असा प्रश्न येतो. शेवटचे दोन वार विसरू नका. त्यामुळे एचआरला तुमच्याकडून अडवणूक होतेय असं वाटत नाही, आणि वार ठरवायचा तर आधी तुमचं उत्तर द्यावं लागतं. "आकडा सांगितल्याशिवाय मी येणार नाही" असं लिहिलं तर मागणी तीच, पण समोरच्याला वरिष्ठांकडे तुमची बाजू मांडायला जागाच उरत नाही.

उत्तर सरळ आकड्यात येईलच असं नाही. ताईंना संध्याकाळी फोन आला: "आमची पॉलिसी करंट सीटीसीवर 30 टक्के अशी आहे." हे फार ऐकू येतं. 8.40 वर 30 टक्के म्हणजे 10 लाख 92 हजार, तेही सीटीसी. इथे वाद घालून उपयोग नसतो, पण प्रश्न परत जागेवर आणता येतो. त्या म्हणाल्या, "पॉलिसी समजली मॅडम. माझ्या आताच्या कामात ऑटोमेशन कमी आहे, इथे ते मुख्य आहे, म्हणून या पदाचा बँड काय आहे ते विचारत होते."

मग ठरलेला उलटा प्रश्न आला, "तुमची अपेक्षा काय?" इथे बरेच जण "जे योग्य असेल ते द्या" म्हणून मोकळे होतात आणि पुढे हात चोळत बसतात. काही जण 11 ते 14 असा ऐसपैस पट्टा सांगतात. ऐकणारा त्यातला खालचाच आकडा टिपून घेतो, म्हणून खालचं टोक असं सांगा की जे मिळालं तर तुम्ही खरंच जॉइन व्हाल. ताई म्हणाल्या, "फिक्स्ड 12 ते 13, व्हेरिएबल वेगळा. तुमच्या बजेटमध्ये बसतंय का?" आणि गप्प राहिल्या. आकडा सांगून झाल्यावर लगेच "म्हणजे थोडं कमी-जास्त चालेल" असं जोडायचा मोह होतो. तो आवरायचा.

सध्याचा सीटीसी मात्र फुगवून सांगू नका. ऑफरआधी सॅलरी स्लिप आणि बरेचदा फॉर्म 16 मागतात, आणि तिथे फरक दिसला की विषय पगाराचा न राहता तुमच्या खरेपणाचा होतो. आपल्याकडे पगाराचा पट्टा आधी सांगायची कायद्याने सक्ती नाही आणि जुना पगार विचारायला बंदीही नाही. युरोपीय संघाच्या देशांत नोकरी शोधणाऱ्यांचं वेगळं आहे. तिथल्या 2023 च्या वेतन पारदर्शकता निर्देशानुसार पट्टा मुलाखतीआधी कळवायचा असतो आणि जुना पगार विचारता येत नाही. सदस्य देशांना त्यासाठी 7 जून 2026 ची मुदत दिली आहे. तिकडे अर्ज करणाऱ्यांनी ज्या देशात अर्ज करतोय त्याने तो निर्देश कायद्यात आणला का, एवढं पाहावं.

ताईंना शेवटी आकडा मिळाला: फिक्स्ड साडेदहा ते बारा, वर 10 टक्के व्हेरिएबल. म्हणजे त्यांची खालची रेघ हीच कंपनीची वरची रेघ. अशा वेळी पट्ट्यात बसतंय म्हणून खूश होऊन फोन ठेवू नये, कारण वरचं टोक क्वचितच कोणाला देतात. आणखी एकच प्रश्न विचारायचा: "सहसा ऑफर मध्यावर देता, की पॅनलचा अभिप्राय चांगला असेल तर बारापर्यंत जाता येतं?" मॅडमनी सांगितलं की बारासाठी मॅनेजरची वेगळी मंजुरी लागते, पण या जागेसाठी ती याआधी मिळालेली आहे. यावर राउंड द्यायचे की नाही हा निर्णय ताईंचा होता. त्यांनी द्यायचे ठरवलं, आणि असाइनमेंटला किती तास अपेक्षित आहेत तेही त्याच फोनवर विचारून घेतलं.

फोनवरचा आकडा कंपनीला बांधून ठेवत नाही. म्हणून त्याच दिवशी दोन ओळी पाठवायच्या: "आज बोलल्याप्रमाणे फिक्स्ड साडेदहा ते बारा आणि व्हेरिएबल 10 टक्के, असं धरून मंगळवारी येते." समोरून "ओके" आलं तरी पुरे. त्याचं वजन ऑफर लेटरएवढं नाही, पण मधेच एचआर बदलला तर दाखवायला काहीतरी लेखी असतं. पुढे ऑफर लेटरवर होकार देण्याआधी पगाराचा ब्रेकअप मागा आणि व्हेरिएबल फिक्स्डच्या आत गेला नाही ना, ते सर्वांत आधी बघा.

मेसेजला दोन कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं, तर मेसेजवर मेसेज न टाकता फोन करा. फोनवरही "राइट कँडिडेटला बजेटचा प्रश्न नाही" एवढंच ऐकू आलं, तर पुण्याला जायच्या आधी एखादा राउंड ऑनलाइन घ्याल का, असं विचारा. आकडा कळत नसेल तर निदान खर्च तरी कमी व्हावा. आणि बजेट दहा लाखांतच संपतं असं कळलं तर असाइनमेंट उघडूही नका. "स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार मॅडम. या आकड्यात पुण्याला येणं मला जमणार नाही, त्यामुळे इथेच थांबते. सीनियर टेस्टरची जागा निघाली तर जरूर कळवा," एवढं लिहून पाठवा, आणि त्या एचआरचा नंबर ठेवून द्या.