पेशवेकालीन पुण्याच्या चित्रासाठी प्रॉम्प्ट

प्रश्न: चित्र काढणाऱ्या एआयकडे १७७० च्या सुमाराचे पुणे मागितले तरी चित्रात आजच्या वस्तू डोकावतात. प्रॉम्प्ट कसा लिहावा?

उत्तर: ‘जुने पुणे’ असे मोघम न लिहिता वर्ष देऊन अंगरखा, पगडी, बोरूने मोडी लिहिणारा कारकून अशा वस्तू नावानिशी सांगाव्यात. सर्वाधिक फसते ते छप्पर: चपटी मंगलोरी कौले १८६० च्या दशकापासूनची असल्याने ‘हाताने घडवलेली अर्धगोल कौले’ असे स्पष्ट लिहावे. शनिवारवाड्याचे आज उरले आहेत ते तट आणि जोती. वरचे लाकूड-विटांचे मजले १८२८ च्या आगीत गेले, म्हणून ते मुद्दाम मागावे लागतात. ‘विजेच्या तारा नकोत’ असे मुख्य मजकुरात लिहिल्यास पुष्कळदा त्याच उमटतात. त्यांचा उल्लेख निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे नको असलेल्या गोष्टींच्या वेगळ्या रकान्यात करावा आणि मुख्य मजकुरात ‘उजेड केवळ मशालींचा’ एवढेच म्हणावे.