सव्वादोन लाखांची विक्री, पासबुकात सव्वा लाखही नाही

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला गाळा भाड्याने घेऊन वर्षभर क्लाउड किचन चालवते. अख्खा मसूर-रोटी जास्त जाते. ॲप 25 टक्के कमिशन घेतं म्हणून 120 ची डिश तिथे 150 ला लावली आहे. रोज पन्नासेक ऑर्डरी, महिन्याला सव्वादोन लाखांची विक्री. 4 लाखांची एफडी मोडून मिरजेत दुसरं किचन काढू का? उत्पन्न वाढतंय म्हणून बँकेतल्या ओळखीच्यांनी वर्षाला 50 हजारांची विमा-गुंतवणूक पॉलिसीही दिली आहे. सोबत ॲपचा हिशोब आणि खर्चाची वही जोडते.

उत्तर: ताई, एफडीला हात लावू नका. मिरजेचं नंतर बघू, आधी विश्रामबागचंच बघायला हवं.

150 मधून 25 टक्के गेले की उरतात एकशे साडेबारा. म्हणजे 120 हातात यायला 160 लावायला हवे होते. वरून चढवलेले पंचवीस टक्के आणि आतून कापलेले पंचवीस टक्के सारखे नसतात. पण ही चूक दहा रुपयांची आहे. मोठं भोक पुढेच आहे.

हिशोबात ‘रेस्टॉरंट डिस्काउंट’ असा रकाना आहे, तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. 20 टक्क्यांची जी सवलत तुम्ही ‘चालू’ केलीत, ती ॲप देत नाही, तुम्ही देता. गिऱ्हाईक भरतं 120. त्यावर कमिशन 30, कमिशनवर 18 टक्के जीएसटी साडेपाच, पैसे वळते करण्याचा आकार अडीच. हातात 82. गिऱ्हाइकाकडून घेतलेला 5 टक्के जीएसटी ॲपच भरतं, 2022 पासून तसा नियम आहे, त्याची काळजी नको. पण त्या 5 टक्क्यांत तुम्हाला इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणून कमिशनवरचा जीएसटी तुमच्याच खिशातून जातो.

आता वही. मसूर, तेल, कांदा-लसूण मसाला, रोट्या मिळून 48. डबा, फॉइल, पिशवी 12. गॅस 6. झाले 66. एका ऑर्डरीमागे उरले 16 रुपये. सगळ्या ऑर्डरी अशाच धरल्या तर 1,500 ऑर्डरींचे 24 हजार. भाडं, मदतनीस, वीज यांत 23 हजार जातात. ॲपवरच्या जाहिरातीचे 5 हजार पैसे जमा होण्याआधीच कापले जातात. म्हणजे रोज पहाटेपासून राबून तुम्ही महिन्याला 4 हजार घालवताय, आणि तुमची मजुरी अजून धरलेलीच नाही. सव्वादोन लाख हा आकडा 150 गुणिले 1,500 असा आला. बँकेत पडतात 1 लाख 18 हजार, पासबुक काढून ताडून बघा.

किंमत उलटीकडून काढायची. सामान-पॅकिंग 66, भाडं-पगार-वीज ऑर्डरीमागे 15, जाहिरात 3, तुमचे 20. हातात 104 यायला हवेत. ॲपची एकूण कपात साडेएकतीस टक्के, म्हणून 104 भागिले 0.685, म्हणजे 152. हे गिऱ्हाइकाने भरायचे. सवलत ठेवायचीच असेल तर 152 भागिले 0.8, म्हणजे पाटीवर 190. मी सवलत काढून 152 च लावीन, पण ॲपवर ‘20 टक्के सूट’ दिसली नाही की बोट पुढे सरकतं हेही खरं.

ऑर्डरी कमी होतील? होतील. पण 152 ला एका ऑर्डरीमागे 38 उरतात, म्हणजे आजचे 24 हजार मिळायला रोज 21 ऑर्डरी पुरे. पन्नासाच्या तीस झाल्या तरी तुम्ही आजपेक्षा वर असाल, आणि रोट्याही कमी लाटाव्या लागतील. आधी जाहिरात बंद करा, फक्त मसूरचा दर चार आठवडे बदला, आणि ऑर्डरींची संख्या न बघता दर आठवड्याची बँकेतली जमा बघा. त्याआधी करार वाचा. दुकानातल्या दरापेक्षा ॲपवर जास्त लावू नये असं कलम असेल तर दुकानातलाही दर वाढवावा लागेल. दोन माणसांचा पॅक लावलात तर आणखी बरं, कारण पिशवी एकच लागते.

पॉलिसीबद्दल: 4 हजार तोट्यातल्या धंद्याला ‘उत्पन्न वाढतंय’ म्हणून वर्षाला 50 हजारांचा हप्ता गळ्यात मारणारा माणूस ओळखीचा असला तरी त्याचं लक्ष स्वतःच्या कमिशनवरच होतं. पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. पैसे थोडी कपात होऊन मिळतात. तारीख आजच बघा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. विमा हवाच असेल तर साधा टर्म घ्या, त्याला इतका पैसा लागत नाही.

मिरजेचं सहा महिन्यांनी विचारा, तेव्हा पासबुकाची पानं सोबत पाठवा. तुमची मजुरी धरूनही विश्रामबागचं किचन ओळीने सहा महिने नफ्यात दिसलं, तर एफडीबद्दल बोलू.