फुकट डायमंडच्या पानावर नेमकं काय घडतं

“मॅडम, मुलगा नववीत आहे. फ्री फायर गेमचे फुकट डायमंड मिळतात म्हणून कुठल्या तरी लिंकवर गेला आणि त्याचा आयडी गेला. तेव्हापासून धड जेवत नाही. त्याचे वडील म्हणतात, मोबाइलच फोडून टाकतो. त्याच मोबाइलवर आमचं फोनपे आहे. पैसे जातील का? आणि एवढा हुशार पोरगा फसला कसा?” — एक आई, यावल तालुका

ताई, आधी पैशांचं सांगते. फोनपे हे सिमकार्डाला आणि त्या मोबाइलला बांधलेलं असतं आणि पैसे पाठवायला वेगळा पिन लागतो. गेमचा किंवा फेसबुकचा पासवर्ड चोरला म्हणून ते उघडत नाही. मात्र त्या लिंकवरून त्याने एखादं अ‍ॅप उतरवून घेतलं का, ते आज विचारा. असं अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागून बँकेचे ओटीपी चोरू शकतं. घेतलं असेल तर मोबाइलचं इंटरनेट बंद करा, ते अ‍ॅप काढून टाका आणि बँकेला कळवा. पैसे गेलेच असतील तर वाट न बघता 1930 वर फोन करा.

तो फसला कसा, हे समजायला माझ्याकडे आलेल्या चोपड्याकडच्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला ओम म्हणू या. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चौदा, वडील केळीच्या गाडीवर. शाळेतून तक्रार आली होती की मुलगा गप्प झालाय, वर्गात लक्ष नाही. घरच्यांना वाटलं, अभ्यासाचा ताण.

मी त्याला “असं का केलंस” विचारलं नाही. कागद दिला आणि म्हटलं, मोबाइलवर एकामागून एक काय काय दिसलं ते काढ. त्याने जे काढलं त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

लिंक अनोळखी माणसाने पाठवलेली नव्हती. त्याच्याच गिल्डमधल्या, म्हणजे गेममधल्या गटातल्या, मित्राच्या खात्यावरून आली होती. ते खातं आधीच चोरलं गेलं होतं, हे नंतर कळलं. पान उघडल्यावर त्याने आपला यूआयडी टाकला आणि समोर त्याचं गेममधलं नाव आलं. “मॅडम, नाव बरोबर आलं, म्हणून मले खरं वाटलं,” तो म्हणाला. यूआयडी म्हणजे घराचा नंबर. तो प्रोफाइलवर कोणालाही दिसतो आणि त्यावरून नाव शोधता येतं. नाव दाखवता आलं म्हणून त्या पानाच्या हाती काही किल्ली असते असं नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाला हाच सगळ्यात मोठा पुरावा वाटतो.

मग त्याने दहा हजार डायमंड निवडले. डायमंड म्हणजे गेममधल्या खरेदीचे पैसे. एक पट्टी हळूहळू भरत गेली, खाली “अमक्याला आत्ताच मिळाले” असली नावं सरकत राहिली. ती पट्टी नुसतं चित्र असते. डायमंडचा हिशोब कंपनीच्या सर्व्हरवर असतो, बाहेरचं पान त्यात एकही वाढवू शकत नाही. शेवटी आलं, “तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, फेसबुकने लॉगिन करा.”

इथे ओमचा हात थांबला होता. एरवी गेममधून लॉगिन करताना फेसबुकचं अ‍ॅप उघडायचं आणि नुसतं “पुढे जा” दाबायचं. इथे नंबर आणि पासवर्ड हाताने टाकायचा होता, आणि मोबाइलमध्ये साठवलेला पासवर्ड आपोआप येत नव्हता. ही खूण लाखमोलाची आहे. साठवलेला पासवर्ड मोबाइल खऱ्या पत्त्यावरच पुढे करतो. पान हुबेहूब दिसत असलं तरी पत्ता वेगळा असेल तर करत नाही. ओमला खटकलं, पण पट्टी तोवर 98 टक्क्यांवर होती. त्याने पासवर्ड टाकला. पान म्हणालं, चुकीचा आहे. त्याने आपला दुसरा, जीमेलचा पासवर्ड टाकला. चोराला दोन्ही मिळाले. मग ओटीपी मागितला, तोही त्याने दिला. त्याच वेळी पलीकडे कोणीतरी तो खऱ्या फेसबुकवर टाकत होतं.

आयडी फेसबुकला बांधलेला होता. फेसबुक ज्याच्या हाती, आयडी त्याच्या हाती. चोराने फेसबुकवरून ओमचा नंबर काढून टाकला, ईमेल बदलला.

पुढचं नुकसान मात्र त्या पानाने केलं नाही, भीतीने केलं. घरी कळलं तर मोबाइल जाईल म्हणून ओम गप्प राहिला. इन्स्टाग्रामवर एकाने “पाचशे रुपयात आयडी परत आणतो” म्हटलं, त्याला आजीने दिलेले पैसे मित्राकरवी पाठवले, ते गेले. दुसऱ्याने अदलाबदलीचं सांगितलं: तुझा दुसरा आयडी दे, माझा मोठ्या लेव्हलचा घे. फ्री फायरमध्ये आपल्याकडे असलेला कपड्यांचा बंडल किंवा बंदुकीची सजावट, म्हणजे गन स्किन, दुसऱ्याच्या खात्यात टाकताच येत नाही; दुकानातून नवी वस्तू विकत घेऊन भेट देता येते, एवढंच. त्यामुळे अदलाबदल म्हटलं की लॉगिन हातात देणं आलं, आणि जो आधी देतो तो जातो. ओमने धाकट्या भावाचा आयडीही असाच घालवला. सुरतेच्या मामाला फेसबुकवर ओमच्या नावाने पंधराशे रुपये मागणारा मेसेज गेला, तेव्हा कुठे घरात फुटलं.

वडील संतापले होते. मी त्यांना एकच विनंती केली की मोबाइल काढून घेऊ नका, कारण परत मिळवायची वाट त्याच मोबाइलमधून जाते. फेसबुक अनेकदा आधीच्या मोबाइलवरून, नेहमीच्या जागेवरून केलेली विनंती ओळखतं. आधी जीमेलचा पासवर्ड बदलला, अनोळखी उपकरणं बाहेर काढली. मग आईच्या, कोणी न उघडणाऱ्या ईमेलमध्ये security@facebookmail.com कडून आलेला मेल सापडला: तुमचा ईमेल बदलला आहे, हे तुम्ही केलं नसेल तर इथे दाबा. ती लिंक अजून चालली. चालली नसती तर facebook.com/hacked वर जावं लागलं असतं आणि तिथे ओळखपत्र मागितलं असतं तर अडचण होती. खात्यावर नाव होतं “खान्देशी किंग” आणि जन्मसाल खोटं.

फेसबुक परत आलं. गेमचा आयडी आला तो बंदी लागलेला, कारण चोराने त्यावर हॅक, म्हणजे लबाडीने जिंकायचं अ‍ॅप, वापरलं होतं. दोन वर्षांची रँक, वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेले कपडे, सगळं गेलं. ओम माझ्यासमोर रडला. वडील म्हणाले, “गेमच तर होता.” मी त्यांना थांबवलं. मुलाची चोरी झाली होती, आणि चोरी झालेल्या माणसाला जसं वाईट वाटतं तसंच त्याला वाटत होतं. ते मान्य झाल्यावरच त्याने भावाच्या आयडीचं आणि पाचशे रुपयांचं सांगितलं. तोवर त्याने तेवढं लपवलं होतं.

म्हणून ताई, आज संध्याकाळी वडिलांना थोडं बाजूला बसवा आणि मुलाला चार गोष्टी विचारा: लॉगिन फेसबुकचं होतं की गूगलचं, तोच पासवर्ड आणखी कुठे आहे, ओटीपी दिला का, आणि त्यानंतर कोणी आयडी परत आणून देतो म्हणालं का. गूगलचं असेल तर ते काम सगळ्यात आधी, कारण घरातले फोटो, नंबर, मेल सगळं तिथेच असतं. नातेवाइकांना फोन करून सांगा, मेसेजवर पैसे मागितले तर देऊ नका. तो पुढेही खेळणार असेल तर खरे कोड reward.ff.garena.com वर टाकतात आणि बक्षीस गेममधल्या मेलमध्ये येतं, हे त्याच्याकडूनच एकदा करून बघा. त्यासाठी तो ज्या खात्याने लॉगिन करेल त्यावर दुहेरी पडताळणी त्याच दिवशी चालू करा, आणि तिथे दिलेला ईमेल रोज उघडला जाणारा असू द्या.